हँडल पितळी की काळं? पहिल्या घरातलं पहिलं भांडण

सांजवात

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

उलव्याला आमचा पहिला फ्लॅट ताब्यात आला. वन बीएचके, पण स्वयंपाकघराला उजेड छान आहे. एल आकाराचा ओटा, खाली-वर मिळून १७ शटरं आणि ड्रॉवर. प्लाय, लॅमिनेट, सिंक सगळं तासाभरात ठरलं. फिकट राखाडी लॅमिनेटवर तर आम्ही दोघांनी एकदमच बोट ठेवलं. आणि मग हँडलं आली.

मला पितळी हवीत. खरी, जड, हाताला गार लागणारी. आजोळच्या माजघराच्या दाराला पितळी कडी होती. बोटं लागून लागून मधोमध सोन्यासारखी झालेली आणि कडांना काळसर. लहान असताना ती कडी नाकाशी यायची. आपलं घर झालं की स्वयंपाकघरात तसं काहीतरी हवं, असं माझ्या मनात कधीपासून आहे.

नवऱ्याला हवीत काळी. मॅट, पावडर कोट केलेली. तो दुकानात म्हणाला, "राखाडीवर काळं शोभतं. आणि पितळ काळं पडतं."

मी म्हटलं, "मग तुझं तर आधीपासूनच काळं आहे."

दुकानदार हसला, पण हा नाही हसला. घरी येताना लोकलमध्ये गप्पच होता. बेलापूर गेल्यावर म्हणाला, "तुझ्या आठवणीत पितळ चमकतं. माझ्या आठवणीत ते घासावं लागतं." त्यांच्याकडे देवाची उपकरणी, समया, घंगाळ असं बरंच पितळ. प्रत्येक सणाच्या आदल्या दिवशी आई चिंच घेऊन बसायच्या आणि हा शेजारी राख घेऊन. आईंच्या बोटांच्या भेगांत ते काळं चार चार दिवस राहायचं म्हणे. हे मला लग्नाला तीन वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

त्यानंतर मला जोर करून काही म्हणवेना, आणि पितळही सोडवेना. तोही आता "तुला हवं ते घे" म्हणतो. ते ऐकलं की मला आणखीच घेता येत नाही. सुतार येत्या रविवारी हँडलांची भोकं पाडायला येतोय.

तर प्रश्न असा : स्वयंपाकघरात रोजच्या ओल्या, तेलकट हातांखाली पितळ कसं राहतं? काळं कसं राहतं? ज्यांनी दोन-चार वर्षं वापरलंय त्यांनी सांगावं. आम्ही नमुन्याला चार हँडलं आणली आहेत. दोन पितळी दिसणारी, एक काळं, एक स्टीलचं.

---

अबोली७

काळं घेऊ नका. माझ्याकडे आहेत. पोळ्या करताना मध्येच ड्रॉवर उघडला की पाच पांढरी बोटं उमटतात. कणकेची बोटं काळ्यावर ओट्याच्या त्या टोकाहून दिसतात.

---

डोंबिवलीकर_बंडू

हँडलंच कशाला? आम्ही गोला प्रोफाइल केलंय. शटरच्या वर ॲल्युमिनियमची खाच, बोटं घालायची आणि ओढायचं. भांडण मुळातच संपलं.

---

अबोली७

@बंडू, त्या खाचेत साचलेलं पीठ कोण काढतं तुमच्याकडे?

---

डोंबिवलीकर_बंडू

बायको.

बरं, मुद्दा पोचला.

---

तिसरा_मजला

आमच्याही दाराचं हँडल पितळी आहे, सहा वर्षं झाली, काही झालं नाही. फक्त लॅच थोडं घट्ट झालं होतं, त्यात ग्राफाइटची पावडर टाकली. तेल टाकू नका, धूळ धरते.

---

सांजवात

@तिसरा_मजला, धन्यवाद, पण मी स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या हँडलांबद्दल विचारते आहे. मुख्य दाराचं बिल्डरने दिलंय तेच ठेवतोय.

---

तिसरा_मजला

अच्छा. ग्राफाइटचं मात्र लक्षात ठेवा.

---

रंधा

सांजवात ताई, भोकं पाडण्याआधी विचारलंत हे चांगलं केलंत. माझं फर्निचरचं काम आहे, २२ वर्षं झाली. रंगावरून भांडण होतं, पण रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आत धातू कुठला आणि त्याच्यावर काय चढवलंय, हे आधी बघायचं.

तुम्ही दोन पितळी दिसणारी आणलीत म्हणता. दोन्ही उलटी करा. स्क्रू जातो त्या भोकाच्या कडेला, जिथे कधीच दिसणार नाही, तिथे पटाशीच्या टोकाने किंवा खिळ्याने जोरात एक ओरखडा काढा. आत पिवळं निघालं तर पितळ. राखाडी निघालं तर जस्ताची ओतीव मिश्रधातू, तिच्यावर तांब्याचा आणि निकेलचा थर देऊन वरून पितळी रंग आणलेला. बाजारात 'अँटिक ब्रास' म्हणून मिळतात त्यातली पुष्कळशी ही असतात. पांढरं चकचकीत आणि कडक लागलं, ओरखडा उठतच नाही असं वाटलं, तर स्टीलवर पीव्हीडीचा, म्हणजे निर्वात पेटीत धातूची वाफ बसवून दिलेला, थर आहे.

तिन्ही दुकानात शेजारी ठेवली तर जुळी दिसतात. पाच वर्षांनी तिन्ही वेगळी दिसतात. ओरखडा काढून सांगा, मग पुढचं बोलू.

---

विज्ञानवेडा

ओरखडा कशाला, चुंबक लावा की. चिकटलं नाही तर पितळ खरं. स्टीलचंही तसंच, चिकटलं नाही तर ३०४ नंबरचं चांगलं स्टील.

---

रंधा

अर्धं बरोबर आहे साहेब. चिकटलं तर पितळ नाही, हे पक्कं. पण जस्तालाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे न चिकटल्याने काहीच कळत नाही. स्टीलचंही तेच. २०२ नंबरचं स्वस्त स्टील साधारण चिकटत नाही आणि दमट हवेत गंजाचे तपकिरी ठिपके तेच दाखवतं. भंगारवाले एक थेंब टाकायचं औषध आणि नऊ व्होल्टची बॅटरी वापरतात. २०२ ला डाग लालसर येतो कारण त्यात मँगेनीज जास्त. ३०४ ला तसा येत नाही. चांगल्या दुकानदाराकडे ती बाटली असते, मागा.

वजनावर जायचं असेल तर एकाच आकाराच्या भरीव तुकड्यात जस्त पितळाच्या साधारण चार-पंचमांश भरतं. पण हँडल आतून पोकळ असेल तर तेही फसवतं.

---

विज्ञानवेडा

जस्ताचं लक्षात नव्हतं आलं. मान्य.

तरी एक सांगतो, पितळाच्या बाजूने. तांब्याच्या मिश्रधातूंवर जंतू फार वेळ जगत नाहीत. २००८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदणी दिली, त्यात पितळही आहे. कच्च्या चिकनचा हात ड्रॉवरला लागतो तिथे हा मुद्दा लहान नाही.

---

रंधा

खरं आहे, पण धातू उघडा असला तरच. वरून लॅकरचा पारदर्शक लेप मारलेला असेल तर जंतू लॅकरवर बसले, पितळाला शिवलेच नाहीत. आणि हँडल पुसायचं ते पुसावं लागतंच.

---

सांजवात

@रंधा, तुम्ही सांगितलंत तसं केलं. नवऱ्याने खिळा धरला, मी टॉर्च. ८०० रुपयांचं होतं त्याच्या आत पिवळं निघालं. २२० चं होतं त्याच्यात राखाडी. गंमत म्हणजे मला दुकानात दुसरंच जास्त जुनं, जास्त 'खरं' वाटलं होतं!

आणखी एक करतोय. सुताराला महिन्याभराने ये म्हटलं. उरलेल्या प्लायच्या फळीला चारही हँडलं लावली आणि ती फळी आत्ताच्या भाड्याच्या घरात सिंकच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. येता-जाता, कणकेच्या हाताने, भांडी घासताना, फोडणी टाकताना, दोघांनीही चारही हँडलं धरायची, असं ठरवलंय. कल्पना याचीच. सकाळी चहा करताना तो एकदा चारही ओढून जातो, बघायला मजा येते.

---

आज्जीचा_डबा

किती गोड! आमच्या वेळी सासरे म्हणाले 'ॲल्युमिनियमच्या मुठी लावा' आणि लागल्या. तीस वर्षं झाली. त्यांचं पॉलिश गेलंय, पण तुटलेली एकही नाही.

---

मालवणचो_झील

आमच्या हय खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचा काय्येक टिकणा नाय. घर समुद्रापासून दोनशे पावलांवर. काळी पावडर कोटवाली हँडलं आतून लोखंडाची निघाली. कोट चांगलाच होता, पण जिथे स्क्रू घट्ट आवळला तिथे कडेला टवका उडाला आणि तिथून गंज आत शिरला. वरून कोट फुगून आला, नखाने काढला तर साल निघाल्यासारखा निघाला. दुसऱ्या पावसाळ्यात सगळी बदलली.

उलव्याला खाडी जवळ आहे तुमच्या. काळं घेणार असाल तर आत ॲल्युमिनियम आहे की लोखंड ते आधी बघा. इथे मात्र चुंबक कामाला येईल.

---

विज्ञानवेडा

चुंबकाचा मान राखल्याबद्दल आभारी आहे.

---

न्यूजर्सीची_माई

आमच्या इथल्या जुन्या घरात १९८० च्या दशकातली पितळी हँडलं होती, लॅकरवाली. घर घेतलं तेव्हा ती इतकी वाईट दिसायची की मी सरळ काढून टाकायला निघाले होते. बोटं लागतात तिथे लॅकर उडालेलं आणि आत नकाशासारखे तपकिरी डाग. बाकी भाग पिवळाधमक. घासलं तरी जाईना, कारण डाग लॅकरच्या खाली.

शेजाऱ्याने सांगितलं म्हणून थिनरमध्ये रात्रभर बुडवली. सकाळी लॅकर सुटून जिलेटिनसारखं वर आलं. मग ब्रशने घासली आणि तशीच उघडी लावली. पहिले तीन महिने ठिकठिकाणी रंग वेगळा होता, आता सगळी एकसारखी मधाच्या रंगाची झालीत. नऊ वर्षं झाली. मी घासत नाही, फक्त साबणाच्या पाण्याने पुसते.

सांजवात, तुझ्या नवऱ्याला सांग, पितळ घासावं लागतं ते चकचकीत हवं असेल तर. देवाचं चकचकीत हवं. ड्रॉवरचं कशाला?

---

सांजवात

माई, हा शेवटचा परिच्छेद मी त्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "न घासता ठेवलेलं पितळ मी कधी पाहिलंच नाही."

---

रंधा

माईंनी लाखातलं सांगितलं. तेच थोडं पुढे नेतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात.

लॅकर मारलेलं पितळ पहिली दोन-तीन वर्षं सुंदर दिसतं. मग बोटांचा घाम, तेल आणि तारेची घासणी मिळून लॅकरला तडा देतात. हवा आत शिरते आणि काळपटपणा लॅकरच्या खाली सरकत जातो. तो ठिपक्या-ठिपक्यांनी येतो म्हणून घाण दिसतो. धातू खराब झालेला नसतो, फक्त थोडा झाकलेला आणि थोडा उघडा असतो. त्यात कोणी चिंच लावली की कडेचं लॅकर आणखी सुटतं.

उघडं पितळ पहिल्याच महिन्यात काळवंडायला लागतं, तेव्हा लोक घाबरतात. पण ते सगळीकडून सारखं काळवंडतं आणि बोटं लागतात तिथे आपोआप उजळ राहतं. ताईंच्या आजोळच्या कडीवर लॅकर नसणार.

जस्तावरचा थर वाईट नसतो. पैसे कमी असतील तर तोच घ्यावा. पण तो झिजला की खाली राखाडी दिसतं आणि तिथे दमट हवेत पांढरी भुकटी धरते. ते परत आणता येत नाही, हँडल बदलायचं.

तेव्हा दुकानात नुसतं 'पितळी द्या' म्हणू नका. 'भरीव पितळ, बिना लॅकर, नुसतं बफ केलेलं' असं म्हणा. लॅकर आहे का हे बघायला मागच्या बाजूला नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा मिनिटभर दाबून धरा. चिकट झालं तर लॅकर आहे. भट्टीत भाजलेलं लॅकर मात्र याला दाद देत नाही, त्यामुळे चिकट झालं नाही म्हणजे उघडंच, असं समजू नका.

---

अबोली७

रंधा, मग मी काय करू? माझी काळी लागून गेलीत.

---

रंधा

वापरा की. ॲल्युमिनियमवरची असतील तर मस्त टिकतात. फक्त तारेची घासणी आणि घासायची पावडर लावू नका, मॅटपणा जाऊन तिथे चकाकी येते आणि ती पुन्हा मॅट होत नाही. ओलं फडकं, मग कोरडं फडकं. कणकेची बोटं पुसली जातात, घासलेली चकाकी जात नाही.

---

अबोली७

ती चकाकी आधीच आली आहे. दोन ड्रॉवरांवर. मला वाटलं तेल आहे, म्हणून आणखी घासत होते!

---

तांबूस

पुण्यात असाल तर कसब्यातल्या तांबट आळीत जा, हाताने ठोकलेलं करून देतात.

---

शनिवारपेठी

तांबट आळी तांब्याची. पितळेची ओतीव हँडलं तिथे मिळतील या भरवशावर उलव्याहून जाऊ नये. हार्डवेअरचं पितळ बरंचसं अलीगड आणि जामनगरकडून येतं. मुंबईतच नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा.

---

तांबूस

मला वाटलं तांबट म्हणजे दोन्ही. असो.

---

सुगरणीचं_घरटं

फिनिशवरून एवढी चर्चा झाली म्हणून माझं एक दुःख सांगते. आमची हँडलं टी-बार आहेत, म्हणजे दांडीची दोन्ही टोकं पायांच्या बाहेर आलेली. दिसायला सुंदर. गॅससमोर वळले की खालच्या ड्रॉवरच्या टोकात ओढणी अडकते. नवऱ्याच्या पायजम्याचा खिसा दोनदा फाटलाय. एकदा हातात उकळत्या दुधाचं पातेलं होतं आणि मागून ओढणी खेचली गेली. दूध सांडलं नाही, पण त्या दिवसापासून मी ओढणी खोचून काम करते.

रंग कोणताही घ्या, टोकं शटरकडे वळलेली घ्या.

---

सांजवात

हे तर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. काळा नमुना टी-बारच आहे. आत्ता फळीजवळ जाऊन ओढणी अडकवून पाहिली. अडकली.

---

भोकसम्राट

सुतार येण्याआधी माझंही ऐका. मी नाव उगाच घेतलेलं नाही, घरात एकूण ३४ भोकं चुकीची पाडून घेतली आहेत.

हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर बघा. ९६, १२८, १६० अशी मापं असतात, मिलिमीटरमध्ये. फिनिश बदलता येतं, भोक बदलता येत नाही. आम्ही हौसेने कुठलं तरी विचित्र मापाचं नक्षीवालं हँडल घेतलं. चार वर्षांनी रंग उडाला तेव्हा त्या मापाचं दुसरं मिळेना. शेवटी भोकं झाकायला मागे पट्ट्या लावल्या.

१२८ घ्या. सगळ्या फिनिशमध्ये मिळतं. मग आज तुमचं पितळ, दहा वर्षांनी त्याचं काळं, त्याच भोकांत.

---

रंधा

सम्राटांशी शंभर टक्के सहमत. एकच पुरवणी. ओतीव पितळी हँडलं अजून पुष्कळदा इंचात येतात. ५ इंची म्हणजे १२७ मिमी. १२८ च्या भोकांत ते बसतं, कारण स्क्रू ४ चा आणि भोक ५ चं असतं, तेवढा खेळ मिळतो. ४ इंची मात्र ९६ मध्ये बसत नाही, साडेपाच मिलिमीटरचा फरक पडतो. दुकानात टेप लावून मोजूनच घ्या.

भोक पाडताना शटरच्या मागे फळीचा तुकडा दाबून धरायला सांगा, नाहीतर बिट बाहेर पडताना आतलं लॅमिनेट चिरफाळतं. आणि लाकडी ड्रॉवरला पुढची फळी अधिक आतली फळी मिळून ३६ मिमी होतात. हँडलसोबत येणारा २५ चा स्क्रू तिथे पुरत नाही, ४५ चे वेगळे आणून ठेवा. रविवारी दुपारी हार्डवेअरची दुकानं बंद असतात.

---

राखाडी_शर्ट

नमस्कार. मी सांजवातचा नवरा. हा धागा ती रोज रात्री मला वाचून दाखवते, शेवटी म्हटलं आपणच खातं काढावं.

फळीला आज २० दिवस झाले. जुलैचा पाऊस, सिंकच्या शेजारी. माझ्याकडून हे निरीक्षण :

काळं : कणकेचे डाग पुसले जातात, पण आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, त्याचे पांढरे थेंब राहतात. रोज पुसावं लागतं. हे मला मान्य करायला चार दिवस लागले.

स्टील : रेषा आहेत त्या दिशेने पुसलं तर साफ. आडवं पुसलं तर डाग रेषांत बसतो. सगळ्यात कमी त्रास याचाच, पण आमच्यापैकी कोणालाच ते आवडलेलं नाही.

जस्तावरचं अँटिक : २० दिवसांत काहीच नाही. ते बिघडायला वेळ लागणार, हे रंधासाहेबांनी सांगितलंच आहे.

पितळ (मागे बोळा लावला तेव्हा लॅकर निघालं, ते थिनरने काढून घेतलं) : वरची बाजू तपकिरी झाली. खाली थेंब लोंबकळून सुकतो तिथे हिरवट ठिपका आला. जिथे आम्ही धरतो तो मधला तीन बोटांचा भाग उजळ आहे.

सकाळी मी तो उजळ भाग बराच वेळ बघत होतो. आम्ही कोणीच तो घासलेला नाही.

एक शंका आहे. पितळ धरल्यावर हाताला वास येतो. लहानपणी तोच वास मला नको व्हायचा. स्वयंपाकात तो उतरतो का?

---

आज्जीचा_डबा

आले हो जावई धाग्यावर!

---

रंधा

या साहेब. निरीक्षण एक नंबर.

वास येतो तो घामट हाताला. कोरड्या हाताने धरलं तर फारसा येत नाही, आणि पितळ काळवंडलं की आणखी कमी होतो. नव्या बफ केलेल्याला सगळ्यात जास्त. हात धुतले की जातो. कणकेत उतरल्याचं कोणी मला सांगितलेलं नाही, पण माझं नाक माझं आहे, तुमचं तुमचं. आठवडाभर कणीक मळण्याआधी मुद्दाम धरून बघा.

हिरवा ठिपका पाणी साचून राहण्याने येतो. सिंकखालच्या शटरला हँडल उभं लावा, आडवं नको. पाणी ओघळून जातं.

---

डोंबिवलीकर_बंडू

मी परत आलो. मधला मार्ग सुचवतो. वरच्या शटरांना हँडल नको. शटर कपाटाच्या तळापेक्षा दोन सेंमी खाली उतरवायचं, खालून बोट घालून उघडायचं. खर्चही वाचतो.

---

सांजवात

शटरं कापून लॅमिनेट लावून तयार आहेत, मापं तळाला बरोबर आहेत. आता खाली उतरवली तर वर तेवढी फट पडेल.

---

न्यूजर्सीची_माई

वर काळं आणि खाली पितळ का नाही करत? वर ओले हात क्वचितच जातात.

---

शनिवारपेठी

माफ करा, पण एका स्वयंपाकघरात दोन फिनिश हे मला कधीही बरं दिसलेलं नाही. एक धरा आणि एक सोडा. घर आहे, नमुन्यांचं दुकान नव्हे.

---

सुगरणीचं_घरटं

शनिवारपेठी, तुमच्या घरात स्टीलचा नळ, काळी शेगडी आणि पितळेची समई एकत्र नाही का?

---

शनिवारपेठी

समई देवघरात आहे. मत कायम.

---

सांजवात

मंडळी, कळवायचं राहून गेलं. चार महिने झाले. राहायला आलो, सगळं सामान लागलं.

खालच्या नऊ जागी उघडं पितळ, ५ इंची, टोकं आत वळलेली. वरच्या आठ जागी काळं, ॲल्युमिनियमचं, चुंबक लावून बघितलेलं. सगळी भोकं १२८ ची. सिंकखालची दोन उभी. ४५ चे स्क्रू आधीच आणून ठेवले होते, सुतार म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, आमचे एक रंधा म्हणून आहेत.

भांडण कसं मिटलं ते सांगते. रविवारी सकाळी सुतार यायच्या आधी हा पिशवी घेऊन एकटाच बाहेर पडला आणि नागदेवीहून पितळाची नऊ घेऊन आला. मी तोवर ऑनलाइन काळी सतरा मागवून बसले होते. दोन्ही पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. काळ्यातली नऊ परत केली. शनिवारपेठींना आवडणार नाही, पण आम्हाला ते रोज बघायला आवडतं.

आता नवा प्रश्न आहे. दिवाळीच्या आधी सासूबाई आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर त्या पाटावर बसून चिंचेने खालचे ड्रॉवर घासत होत्या. म्हणाल्या, "अगं, नव्या घरात पितळ असं काळं कसं ठेवलंस?" दोन लखलखीत झाली होती, तिसरं अर्धं. मला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात हा आला. त्याने आईच्या हातातून चिंच काढून घेतली, त्यांचे हात नळाखाली धरले आणि साबण लावून स्वतः धुतले. मग म्हणाला, "आई, ही घासायची नाहीत. ही अशीच ठेवायची म्हणून आणलीत." त्या काही वेळ हँडलांकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अशीच? बरं झालं बाई."

तर आता नऊपैकी दोन सोन्यासारखी, एक अर्धं आणि सहा मधाच्या रंगाची आहेत. मी म्हणते, सगळी एकदा उजळून एकत्र सुरुवात करू. तो म्हणतो, ती तीन काळवंडेपर्यंत थांबू. तुम्हाला काय वाटतं?

---

राखाडी_शर्ट

थांबू.

---

न्यूजर्सीची_माई

थांबा. माझ्याकडे तीन महिने लागले होते.

---

अबोली७

मी सांजवातच्या बाजूने. एकदाच घासा, एका रविवारी, दोघांनी मिळून.

---

रंधा

दोन्ही चालेल. उजळायचं ठरलं तर हँडल काढून, बादलीत धुऊन, कोरडं करून मग लावा. शटरवर असताना चिंच लावली की तिचं पाणी पायाखाली शिरतं आणि भोकातून प्लायमध्ये उतरतं. आईंनी घासलेली तीन आजच सैल करून बघा, खाली ओल असेल तर दोन दिवस काढून ठेवा.

---

राखाडी_शर्ट

काढली. एकाखाली ओल होती. भोकात टिश्यूची सुरळी घालून ठेवली आहे, ड्रॉवर सध्या खालून बोटांनी ओढतोय.